विषय: पंप केसिंग रिजेक्शन – ११ ऑक्टोबरच्या बैठकीतले निर्णय, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत

प्रति: आप्पासाहेब, बसवराजअण्णा (मोल्डिंग), दत्तामामा (भट्टी), परशराम (कोअर), सुनील (वाळू लॅब), इरफानभाई (पॅटर्न व मेंटेनन्स), यल्लाप्पा (फेटलिंग), रेश्माताई (खरेदी)
प्रत: महेश (डिस्पॅच) – बैठकीला नव्हता, पण दोन कामे त्याच्याकडे आहेत

सर्वांना नमस्कार,

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्यमबागच्या ऑफिसात सकाळी साडेदहा ते पाऊण वाजेपर्यंत झालेल्या बैठकीचा हा गोषवारा. आपापल्या नावापुढचे नीट वाचा. तारखा तुम्हीच बैठकीत दिलेल्या आहेत, मी एकही बदललेली नाही.

आकडे

सप्टेंबरात १८.५ किलोचे एफजी २६० केसिंग १,२४० ओतले, १४६ नापास झाले. म्हणजे ११.८ टक्के, आणि वजनात २.७ टन. त्यात ब्लो होल ८१, वाळू अडकलेले ३४, श्रिंकेज १९, शिफ्ट १२. यातले ३८ नग कोल्हापुरात मशीनिंग झाल्यावर निघाले. तिथली मजुरी आणि परतीचे भाडे आपल्याच अंगावर आहे, त्यामुळे आपल्या आवारात फुटलेल्या नगापेक्षा हे ३८ जास्त महाग पडले.

८१ ब्लो होलपैकी ५८ कोअर प्रिंटच्या आसपास, वरच्या अंगाला आहेत. बैठकीचा निम्मा वेळ यावरच गेला.

काय ठरले

१. ब्लो होलचा पहिला संशयित कोअर. शेल कोअरला पाण्यातला पेंट लावून आपण तो उघड्यावर सुकवतो, आणि पावसाळी हवेत तो वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते. शिवाय यल्लाप्पाने तोडून दाखवलेल्या सहा नगांपैकी चारांत प्रिंटचे व्हेंट पेस्टने बुजलेले होते. गॅसला बाहेर पडायला वाट नसेल तर तो धातूतच शिरणार. यापुढे पेंट लावलेला प्रत्येक कोअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर एक तास जाईल आणि २४ तासांत वापरला जाईल. २४ तास उलटले तर पुन्हा ओव्हन.

चाचणीच्या चार हीट मात्र याला अपवाद आहेत. त्या हीटमध्ये मुद्दाम निम्मे कोअर न भाजता लावायचे, कारण फरक दिसल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. आप्पासाहेबांचा "खराब होणार हे माहीत असून ओतायचे?" हा प्रश्न रास्त होता, पण रोज आपण तेच ओततोय, फक्त खूण न करता.

२. वाळूचा ओलावा ३.२ ते ३.६ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी ३८ ते ४२. सुनीलच्या नोंदीत दुपारच्या पाळीत ओलावा ४.७ पर्यंत गेलेला आहे. कारण परतीची वाळू दुपारी ५८ अंशांवर मलरमध्ये येते, पाणी उडून जाते, मलरवाला मुठीत धरून बघतो आणि आणखी पाणी सोडतो. गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर धरते, वाळू चिकटते, साच्याच्या कडा तुटतात. ३४ नगांत वाळू अडकली ती इथूनच, असे बसवराजअण्णा आणि सुनील दोघांचेही मत पडले. या दोघांचे एकमत झाले ते नोंदवून ठेवते. यापुढे परतीची वाळू ४५ अंशांपेक्षा जास्त गरम असेल तर मलरमध्ये घ्यायची नाही आणि मुठीच्या अंदाजाने पाणी सोडायचे नाही.

३. चार्जमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडाही नको. ओली वाळू आणि लोखंडात थोडेसे ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजनचे पिनहोल पडतात, आणि ते मशीनिंग होईपर्यंत दिसत नाहीत. ३८ पैकी किती त्यातले, हे तपासल्यावरच कळेल.

४. ब्लो होल पुट्टीने किंवा वेल्डिंगने भरून माल पाठवणे आजपासून बंद. गिऱ्हाईकाची लेखी परवानगी असेल तरच, आणि तीही प्रत्येक नगाला वेगळी.

५. फेटलिंगमध्ये पडलेले ६४ नग होल्ड. प्रत्येकाची ६ किलो दाबावर दोन मिनिटे पाण्याची चाचणी होईल, मगच पुढे.

कोणी काय करायचे

*परशराम* – ओव्हनमध्ये चार कोपऱ्यांत थर्मामीटर ठेवून १६० अंश सगळीकडे येते का बघ; दाराकडच्या बाजूला कमी येते अशी शंका आहे. मुदत सोमवार, १३ ऑक्टोबर. प्रत्येक ट्रेवर खडूने ओव्हनमधून काढल्याची वेळ आणि तारीख लिहायची. पेस्ट लावल्यावर व्हेंटमधून ३ मिमीची तार आरपार जाते का हे प्रत्येक कोअरला तपासायचे, अंदाजाने चार-पाच उचलून नाही. चाचणीसाठी ३० भाजलेले आणि ३० न भाजलेले कोअर मंगळवार, १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वेगळ्या ट्रेमध्ये तयार.

*सुनील* – वाळूचे तापमान, ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी, पर्मिॲबिलिटी आणि ग्रीन स्ट्रेंग्थ दर तासाला. नमुना साच्याजवळच्या हॉपरमधून घ्यायचा, कारण मलर ते साचा या प्रवासातच पाणी उडते. सोमवारपासून. ॲक्टिव्ह क्लेची मिथिलीन ब्लू चाचणी आठवड्यातून दोनदा; पहिला निकाल १५ ऑक्टोबरला मला हवा.

*बसवराजअण्णा* – मलरला मिश्रणाची वेळ तीनऐवजी पाच मिनिटे, सोमवारच्या पहिल्या पाळीपासून. उत्पादन थोडे घटेल, ते आप्पासाहेबांनी मान्य केले आहे. साच्याची हार्डनेस ८५ ते ९० हवी. दर वीस साच्यांमागे एक मोजून वहीत लिहायची. फ्लँजजवळच्या श्रिंकेजला रायझर लहान पडतो असे सगळे म्हणतात, पण साचा मऊ असेल तर धातूच्या दाबाने भिंत सरकते आणि रायझर कितीही मोठा केला तरी पुरत नाही. आधी हार्डनेस बघू, मग रायझर. मोल्डिंगवरचे निम्मे लोक कन्नड वाचतात, म्हणून मलरजवळचा सूचनाफलक मराठी-कन्नड दोन्हीत हवा. कन्नड मजकूर अण्णा देतील (१४ ऑक्टोबर), फलक मी करून घेईन.

*दत्तामामा* – तुमचा इनॉक्युलंटचा डबा बैठकीतच तोलला. त्यात २९० ग्रॅम मावते. १५० किलोच्या लेडलला ०.२५ टक्क्यांप्रमाणे ३७५ ग्रॅम पाहिजे. सोमवारी नवीन मापाचा डबा मी देते, जुना भट्टीजवळून काढून टाका. इनॉक्युलंट टाकल्यापासून पाचवा साचा भरेपर्यंत आठ मिनिटांच्या वर जाऊ द्यायचे नाही. त्यानंतर त्याचा गुण उतरतो. पोरिंग १३८० ते १४०० अंश, शेवटचा साचा १३५० च्या खाली नको. खाली गेला तर उरलेला धातू पिगमध्ये ओता, साच्यात नको. प्रत्येक लेडलचे पहिले आणि शेवटचे तापमान लिहायचे, १३ ऑक्टोबरपासून.

*रेश्माताई* – भंगारवाल्याला ॲल्युमिनियम, तेलकट आणि गंजका माल चालणार नाही असे लेखी कळवायचे, १४ ऑक्टोबरपर्यंत. कोअर पुरवठादाराकडून प्रत्येक लॉटसोबत रेझिन कोटेड वाळूचा एलओआय दाखला मागायचा, १६ ऑक्टोबर. थर्मोकपलच्या टिप संपत आल्या आहेत. दिवाळीनंतर पुरतील इतक्या आताच मागवा.

*इरफानभाई* – केसिंगच्या सगळ्या बॉक्सच्या पिना आणि बुश मोजून झिजलेले बदलायचे. शिफ्टचे १२ नग यातलेच. बारा जोड्या आहेत, १८ ऑक्टोबरच्या आत व्हायलाच हव्यात; सुट्टीनंतर जुन्या पिनांवर काम सुरू करायचे नाही.

*यल्लाप्पा* – ६४ नगांची पाण्याची चाचणी १६ ऑक्टोबरपर्यंत. गळका नग लाल रंग मारून वेगळा, आणि भोक कुठे आहे ते ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर ठिपका मारून. हा ठिपका सगळ्यात महत्त्वाचा; नुसता "ब्लो होल" असा शेरा माझ्या उपयोगाचा नाही.

*महेश* – गिऱ्हाईकाला ३०० नग ऑक्टोबरअखेर द्यायचे आहेत. १ नोव्हेंबरला शनिवारी राज्योत्सवाची सुट्टी, म्हणून कोल्हापूरची शेवटची गाडी शुक्रवारी, ३१ तारखेला सकाळीच सुटली पाहिजे. गाडी आजच सांगून ठेव. सोमवारी त्यांच्या क्वालिटीवाल्यांना होल्डबद्दल फोन कर; त्यांना दुसरीकडून कळायला नको.

*मी (मेघा)* – पिनहोलचा संशय असलेले पाच नग कापून तपासणे, १७ ऑक्टोबर. रोजचा रिजेक्शन तक्ता संध्याकाळी सहाला ग्रुपवर.

*आप्पासाहेब* – वाळू थंड करायला दुसरा साठा आणि पंखे बसवायचे की कूलर घ्यायचा, याचा निर्णय २५ ऑक्टोबरच्या बैठकीत. दोन्हींचे दर रेश्माताई त्याआधी देतील.

चाचणी

बुधवार १५ आणि गुरुवार १६ ऑक्टोबर, रोज दोन हीट, हीटला १५ नग. वाळू सगळ्यांना नवीन मापाची. कोअर एकाआड एक: भाजलेला, न भाजलेला. एकाच लेडलमधून दोन्ही भरले की धातूवर बोट दाखवता येणार नाही. खूण अशी: खालच्या साच्यात फ्लँजच्या बाहेरच्या अंगाला खिळ्याच्या टोकाने दाबायचे, न भाजलेल्याला एक टिंब, भाजलेल्याला दोन. नगावर ते उठून येते आणि शॉट ब्लास्टनंतरही दिसते. खडूची खूण नको, नॉक आउटलाच जाते. खूण करायची जबाबदारी बसवराजअण्णांची, मोजणी यल्लाप्पाची.

साठ नगांवरून शेवटचा निकाल लावता येणार नाही, हे लक्षात असू द्या. दिशा कळेल, बस्स. सुट्टीनंतरच्या नगांचीही कोअर-ट्रेनुसार नोंद ठेवायची आहे.

ठरले नाही

कोअर पुरवठादार बदलावा का, यावर मत विभागले, चाचणीनंतर बघू. डेबिट नोटचा वाटा पुरवठादाराकडून मागायचा की नाही, तेही तसेच राहिले. दुपारच्या पाळीची वेळ तासभर पुढे ढकलण्याचा मुद्दा वेळेअभावी घेतला नाही.

दिवाळीसाठी कारखाना सोमवार २० ते गुरुवार २३ ऑक्टोबर बंद, शुक्रवारी २४ ला सुरू. चार दिवस पडलेली वाळू वरून कोरडी आणि खाली ओली असते, म्हणून त्या दिवशी पहिले दोन मलर साच्याला न वापरता फिरवून परत टाकायचे. सुनील आणि बसवराजअण्णा सकाळी सातला हजर.

पुढची बैठक शनिवार, २५ ऑक्टोबर, सकाळी ११, याच ठिकाणी. येताना आपापली वही घेऊन या.

यात काही चुकीचे नोंदले असेल किंवा तारीख जमणार नसेल तर सोमवारी दुपारी बारापर्यंत याच मेलला सर्वांना उत्तर द्या. त्यानंतर याच तारखा धरल्या जातील. सप्टेंबरचा तक्ता आणि तोडलेल्या सहा नगांचे फोटो सोबत जोडले आहेत.

मेघा
क्वालिटी विभाग