आठ अक्षरांचं कोडं – क्रमांक १४
(कोथरूड, आपल्या सोसायटीचा फळा)

या आठवड्याची अक्षरं:

त्र   प   स   र्व   त   र   क   ण

यांतून दोन किंवा जास्त अक्षरांचे शब्द करा. एका शब्दात एक अक्षर एकदाच. म्हणजे 'सतत' नाही, कारण त एकच आहे.

जोडाक्षर हे एकच अक्षर, त्याला गुणही एकच. मागच्या वेळी 'विश्राम'ला चार गुण हवेत म्हणून दुसऱ्या मजल्यावरून चिठ्ठी आली होती, श्रा लिहायला कष्ट पडतात म्हणे. कष्टाला गुण नाहीत. वि, श्रा, म : तीन.

जोडाक्षर फोडायचं नाही आणि नवीन जुळवायचंही नाही. त्र मधून र काढून घेता येणार नाही. र आणि क शेजारी ठेवले म्हणून 'तर्क' होत नाही. रफार फक्त व वर बसलेला आहे, तो तिथेच राहील. काना-मात्राही आपल्या पदरच्या लावायच्या नाहीत. पर्वती समोर दिसत असली तरी ती ती यात नाही.

विशेषनामं नकोत. 'पसरत', 'सरकत' अशी क्रियापदांची रूपंही नकोत, नाहीतर वही संपेल.

माझ्या वहीत २६ शब्द झाले. त्यांतले सात जोडाक्षरांचे. चार अक्षरी दोनच सापडले : एक भल्या पहाटे टेकडीवर जाऊन करतात, दुसरं पूर्वी चुलीत जायचं. आणि दोन जोडाक्षरं असूनही तीनच गुणांचा असा एक शब्द आहे. तो काढलात तर वर एक गुण बक्षीस. २० शब्द म्हणजे उत्तम, १२ म्हणजे चहा घेऊन पुन्हा बसा.

चिठ्ठ्या शनिवारी रात्री आठपर्यंत जिन्याखालच्या डब्यात. फ्लॅट नंबर लिहा. गेल्या वेळी दोन निनावी आल्या आणि त्यांतली एक पहिली येणारी होती.

कोडं १३ चं उत्तर

अक्षरं होती डा, ग, वि, म, वा, श्रा, बा. सातही वापरून : विश्रामबागवाडा. विशेषनामाचा नियम तेवढ्यापुरता मोडला होता, तसं वर लिहिलंही होतं. तरी बाजीराव रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही तो दिसला नाही, दोघींनीच काढला. बाकीचे : विश्राम, वाडा, विडा, डावा, डाग, बाग, गवा, वाम, मग.

'बांगडा' तिघांनी लिहिला. बां आणि बा वेगळे, त्यामुळे बाद. त्यांतली एक चिठ्ठी पक्क्या शाकाहारी घरातली होती, एवढंच नोंदवून ठेवतो.