चंद्राच्या कला आणि पृथ्वीची सावली: इयत्ता सातवी ब साठी तासअखेरची चिठ्ठी

मंगळवार, 25 नोव्हेंबर 2025, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. भूगोल, सहावा तास. चिठ्ठी लिहिण्यासाठी शेवटची आठ मिनिटे.

विद्यार्थी मित्रांनो,

आजच्या तासाला आपण खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला, टेबलावर दिवा ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला रबरी चेंडू हात लांब करून धरून स्वतःभोवती सावकाश फिरलो. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि तुमचे डोके म्हणजे पृथ्वी, असे आपण मानले होते. त्या फेरीत चेंडूची कोर, अर्धा चेंडू आणि पूर्ण उजळलेला चेंडू तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आता वर्ग सोडण्यापूर्वी खालील तीन प्रश्नांची उत्तरे लिहून चिठ्ठी दाराजवळच्या डब्यात टाका. या चिठ्ठीला गुण नाहीत आणि ती प्रगतिपुस्तकात कोठेही धरली जाणार नाही. तुम्हाला जसे समजले आहे तसेच मला वाचायला मिळावे, एवढ्यासाठीच ती आहे. म्हणून वही, पुस्तक किंवा शेजारच्याची चिठ्ठी पाहू नका. खोडरबरही वापरू नका. आधी लिहिलेले चुकले असे वाटले, तर त्यावर एक आडवी रेघ मारून पुढे नवे उत्तर लिहा, कारण तुमचा विचार कोठे बदलला हेही मला पाहायचे आहे. नाव आणि हजेरी क्रमांक मागच्या बाजूला लिहा.

प्रश्न १. आज सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या आकाशात चंद्राची कोर दिसेल. चंद्राचा उरलेला भाग उजळलेला का दिसणार नाही? योग्य पर्यायाचे अक्षर लिहा.
(अ) त्या भागावर पृथ्वीची सावली पडलेली असते.
(आ) चंद्राचा तो भाग सूर्याकडे पाठ करून असतो, त्यामुळे त्यावर सूर्याचा प्रकाश पडत नाही.
(इ) चंद्र अजून वाढत असल्यामुळे तो भाग तयार झालेला नसतो.
(ई) सूर्य नुकताच मावळल्यामुळे त्याच्या उजेडात तो भाग झाकला जातो.

प्रश्न २. येत्या शुक्रवारी, 28 नोव्हेंबरला, शुक्ल अष्टमी आहे. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मैदानावर उभे राहिलात, तर सूर्य पश्चिमेला क्षितिजाच्या थोडा वर असेल आणि त्याच वेळी आग्नेय दिशेला बराच उंच अर्धा चंद्र दिसेल. मैदान, सूर्य, चंद्र आणि उभे असलेले तुम्ही, असे एक साधे चित्र काढा. पृथ्वीची सावली आकाशात ज्या दिशेला जाईल, ती दिशा बाणाने दाखवा. ती सावली चंद्रावर पडू शकेल का, हे कारणासह दोन वाक्यांत लिहा.

प्रश्न ३. अमावास्या, अष्टमी आणि पौर्णिमा या तीन दिवशी चंद्राचा किती भाग सूर्याच्या प्रकाशात असतो? आपल्याला किती दिसतो हे विचारलेले नाही, किती उजळलेला असतो हे विचारले आहे. प्रत्येक दिवसापुढे उत्तर लिहा.

शेवटी चिठ्ठीच्या तळाशी तीनपैकी एक शब्द लिहा: खात्री, अंदाज किंवा गोंधळ. गोंधळ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ज्याच्या चिठ्ठीवर तो शब्द असेल, त्याच्याजवळ मी उद्या सर्वांत आधी येईन.

सहशिक्षकांसाठी: चिठ्ठ्या वाचताना

ही चिठ्ठी एकच गोष्ट तपासते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. सूर्यप्रकाशात असलेल्या चंद्राच्या अर्ध्या भागापैकी आपल्या बाजूला किती येतो, त्यावरून कला ठरते, हे विद्यार्थ्याला पटले आहे का, एवढेच पाहायचे आहे. तिथींची नावे, 29.5 दिवसांचा चांद्रमास, चंद्र दररोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवणे, हे सारे याच पाठात येते, परंतु या चिठ्ठीत त्यातले काहीही मुद्दाम घेतलेले नाही. सगळे एकाच चिठ्ठीत विचारले, तर शेवटी नेमके काय अडले ते कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर (आ) आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. काल अ तुकडीत हीच चिठ्ठी दिली, तेव्हा ज्यांनी (आ) लिहिले त्यांच्यापैकी कित्येकांनी दुसऱ्या प्रश्नाच्या चित्रात सावलीचा बाण सरळ चंद्राकडे नेला होता. पाठातले वाक्य त्यांच्या कानात होते, डोळ्यांपुढचे चित्र मात्र जुनेच होते. त्यामुळे चिठ्ठ्यांचे गठ्ठे दुसऱ्या प्रश्नावरून करावेत. सूर्य पश्चिमेला असताना पृथ्वीची सावली त्याच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे पूर्व क्षितिजाच्याही खाली जाते. चंद्र आग्नेयेला उंच आहे. म्हणून सावली त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. हे ज्याच्या बाणातून आणि वाक्यातून दिसते, त्याला ती कल्पना समजली आहे, मग त्याने शब्द कसेही वापरलेले असोत. अ तुकडीतील एका मुलीने लिहिले होते, "सावली जमिनीखाली जाईल, चंद्र तर वर आहे, मग पडेल कशी?" याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यात "सावली पडते, कारण चंद्र अर्धाच दिसतो" अशी उत्तरे येतील. येथे विद्यार्थी जे सिद्ध करायचे तेच कारण म्हणून देत आहे. तो चुकला असला, तरी त्याचा विचार उघडपणे समोर आलेला असतो आणि त्याच्याशी बोलता येते. मला अधिक काळजी वाटते ती तिसऱ्या गठ्ठ्याची, ज्यात "पडणार नाही, कारण सरांनी सांगितले आहे" असे लिहिलेले असते. हे उत्तर बरोबर म्हणून बाजूला ठेवू नये. ते मूल अजून स्वतः चंद्राकडे पाहायला लागलेले नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिन्ही दिवशी अर्धा असेच आहे. अमावास्येला शून्य आणि पौर्णिमेला पूर्ण असे लिहिणारे खूप भेटतील. त्यांनी प्रश्न नीट न वाचल्याची शक्यता असते, म्हणून दुसरा प्रश्न बरोबर असेल, तर अशा विद्यार्थ्याला जागेवर जाऊन तोंडी विचारावे. चंद्रग्रहणाच्या वेळेपुरता याला अपवाद आहे. एखाद्याने तो लिहिला, तर त्याला वर्गात सर्वांसमोर शाबासकी द्यावी.

आता एक चूक मुलांची नसून माझ्या कृतीची आहे, ती स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. काल अ तुकडीत चेंडू डोक्याच्या पातळीत धरून फिरायला सांगितले होते. दिव्याकडे पाठ होताच प्रत्येकाच्या डोक्याची सावली चेंडूवर पडली आणि नेमकी पौर्णिमेची जागा काळी झाली. पुढच्या बाकावरचा मुलगा आनंदाने म्हणाला, "हीच ती सावली!" मी जी समजूत काढून टाकायला निघालो होतो, तीच माझ्या प्रयोगाने पक्की केली. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून ब तुकडीत चेंडू डोक्याहून वीतभर उंच धरायला लावावा. शिवाय हाताच्या लांबीवर चेंडू धरला की सावली खऱ्यापेक्षा फार मोठी भासते. मुलाचे डोके 18 सेंटीमीटर रुंद मानले, तर त्या मापात चंद्र लिंबाएवढा होतो आणि तो पाच मीटरहून दूर, म्हणजे वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी असायला हवा. एका विद्यार्थ्याच्या हातात लिंबू देऊन त्याला खरोखर तिथे उभे करावे. हे अंतर एकदा पाहिले की मुले ते विसरत नाहीत.

बुधवारच्या तासाची सुरुवात

उद्या चंपाषष्ठीनिमित्त काही विद्यार्थी गैरहजर असतील, तरीही तास पुढे ढकलू नये, कारण आजच्या संध्याकाळची कोर मुलांच्या डोळ्यांसमोर ताजी असेल. वर्गात पुढील मजकूर जसाच्या तसा वाचावा.

"काल रात्री ज्यांनी कोर पाहिली, त्यांनी हात वर करा. कोरेच्या शेजारचा उरलेला चंद्र अगदी अंधुक, राखाडी दिसत होता का? तो प्रकाश पृथ्वीवरून परावर्तित होऊन चंद्रावर गेलेला होता. त्या भागावर पृथ्वीची सावली असेल, तर पृथ्वीला सूर्य आणि चंद्र यांच्या मधोमध यावे लागेल. पण काल सूर्यही पश्चिमेला मावळला आणि चंद्रही पश्चिमेकडेच होता. मग पृथ्वी त्यांच्या मध्ये आली कशी, हे मला कोणीतरी फळ्यावर काढून दाखवा."

फळ्यावर येणारा विद्यार्थी दुसऱ्या गठ्ठ्यातला निवडावा, पहिल्यातला नको. त्याला अडू द्यावे आणि पूर्ण दोन मिनिटे कोणीही मदत करू नये. ही दोन मिनिटे शिक्षकाला फार लांब वाटतात, मलाही वाटतात, पण नेमक्या त्याच वेळेत मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलताना दिसते.

त्यानंतर सावली खरोखर केव्हा पडते, हे सांगावे. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले आणि चंद्र साधारण 82 मिनिटे पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता. ती भाद्रपद पौर्णिमा होती. चंद्रग्रहण अष्टमीला किंवा बीजेला कधीच का लागत नाही, एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहायला सांगावे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाच वाजता दोन्ही तुकड्यांनी मैदानात जमावे. प्रत्येकाने येताना आपली चिठ्ठी सोबत आणावी, पश्चिमेकडे पाठ करून उभे राहावे, जमिनीवर पडलेली स्वतःची लांब सावली कोणत्या दिशेला जाते ते पाहावे आणि मग मान उजवीकडे वळवून चंद्र शोधावा. आपला बाण चुकला असेल, तर तो त्याच चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने दुरुस्त करावा. सूर्याकडे थेट कोणीही पाहणार नाही, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.