फ्लॅट सोडण्याची दोन महिन्यांची नोटीस – शेवटचा दिवस 30 सप्टेंबर 2025

फ्लॅट नं. 9, तिसरा मजला,
कर्वेनगर, पुणे 411052
बुधवार, 30 जुलै 2025

काका, नमस्कार.

रविवारी फोनवर बोललो तेच आता लेखी देतोय, कारण आपल्या अॅग्रीमेंटमध्ये नोटीस लेखी द्यायची आणि दोन महिने आधी द्यायची असं आहे. तर ही ती नोटीस. आम्ही तुमचा फ्लॅट सोडतोय आणि आमचा राहण्याचा शेवटचा दिवस मंगळवार, 30 सप्टेंबर 2025. त्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता फ्लॅट रिकामा करून चाव्या तुमच्या हातात देणार. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे नोटिशीचे दोन महिने धरा, आज 30 जुलै आहे म्हणजे दोन महिन्यांत एक दिवसही कमी पडत नाही, मी कॅलेंडर समोर घेऊनच लिहितोय.

तारीख एवढी ठासून का लिहितोय ते सांगतो, राग मानू नका. रविवारी तुम्ही म्हणालात, "अरे घाई काय, दिवाळीपर्यंत रहा, मग बघू." तुम्ही प्रेमानेच म्हणालात ते कळलं. पण तेव्हा मी नुसतं "हो हो काका" केलं आणि फोन ठेवल्यावर मेघा म्हणाली की तू हो कशाला म्हणालास, आता ते दिवाळीच धरून बसतील. आणि खरंच आहे ते. आमच्या नव्या जागेचं भाडं 15 सप्टेंबरला सुरू होतंय, पंधरा दिवस दोन्हीकडचं भरणार आहोत ते ठरवूनच, पण त्यापुढे एक दिवसही झेपणार नाही. तुमच्याही बाजूने बघा, तुम्ही 1 ऑक्टोबरपासून दुसऱ्या कोणाला शब्द दिलात आणि आम्ही इथेच बसलेलो असलो तर काय करणार? म्हणून रविवारचं ते "हो हो" कृपया सोडून द्या आणि 30 सप्टेंबरच धरा.

सोडायचं कारण तुम्हाला माहितीच आहे, बाबांचे गुडघे. जूनमध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन मजले, लिफ्ट नाही, फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा न्यायचं तर मी आणि खालचा वॉचमन दोघं मिळून खुर्चीत बसवून उतरवतो, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा दरवेळी म्हणतात "मला इथेच ठेवा आता, संध्याकाळी घेऊन जा". हसतो सगळे, पण दुसरा गुडघा डिसेंबरमध्ये करायचाय. वारज्यात तळमजल्याचा फ्लॅट मिळालाय, घर या फ्लॅटपेक्षा लहान आहे आणि उजेडही कमी, पण एक पायरी चढली की घरात. घराबद्दल किंवा तुमच्याबद्दल तक्रार म्हणून सोडत नाहीये हे काकूंनाही नक्की सांगा.

आता पैशाचं. अॅग्रीमेंट 1 नोव्हेंबर 2023 पासून 36 महिन्यांचं आहे, लॉक-इन पहिल्या वर्षाचंच होतं ते कधीच संपलंय, त्यामुळे मुदतीआधी सोडतोय म्हणून काही दंड लागू नाही, फक्त दोन महिन्यांची नोटीस, ती ही. ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही महिन्यांचं भाडं, प्रत्येकी 21,000, नेहमीसारखं 5 तारखेच्या आत तुमच्या खात्यात येईल. बरेच जण शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणतात, मला ते करायचं नाहीये. भाडं भाड्याच्या जागी आणि डिपॉझिट डिपॉझिटच्या जागी, हिशोब स्वच्छ राहतो. पण मग डिपॉझिटचे 80,000 चाव्या देताना त्याच दिवशी परत मिळावेत ही विनंती, कारण नव्या मालकांना द्यायचे 1 लाख मी सध्या मेहुण्याकडून उसने घेतलेत. चेक नको, तिथल्या तिथे ऑनलाइन ट्रान्सफर करा, दोन मिनिटांचं काम आहे. आजच कळवतोय म्हणजे एफडी वगैरे मोडायची असली तर तुम्हाला दोन महिने हातात आहेत.

लाइट बिलाचं थोडं किचकट आहे. सप्टेंबरचं महावितरणचं बिल ऑक्टोबरमध्ये येणार, तेव्हा आम्ही नसू. 30 तारखेला आपण दोघं मिळून मीटरचा फोटो काढू, तुम्ही 80,000 मधून 1,500 अंदाजे ठेवून घ्या, बिल आलं की त्या रीडिंगपर्यंतचा हिशोब करून उरलेले मला पाठवा, कमी पडले तर मी पाठवतो. उन्हाळा सोडला तर आमचं बिल 1,100 ते 1,300 च्या मध्येच येतं. सोसायटीचा मेंटेनन्स तुम्हीच भरता, त्यामुळे तिकडे आमचं काही बाकी नाही. पाईप गॅसचं शेवटचं बिल मी भरून पावती देईन.

घराच्या अवस्थेबद्दल लपवाछपवी नको म्हणून आधीच सांगतो. बेसिनला तडा गेलाय तो आमच्याकडून, चिकूने वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा ओढला आणि तो थेट बेसिनमध्ये. प्लंबरने मजुरीसकट 2,600 सांगितलेत. मी सोडायच्या आधी तसंच पांढरं नवं बसवून देतो, किंवा तुम्हाला तुमच्या पसंतीचं बसवायचं असेल तर 2,600 कापून घ्या, दोन्ही चालेल, फक्त ऑगस्टमध्येच सांगा. हॉलमध्ये चार खिळ्यांची भोकं आहेत ती बुजवून देतो. बेडरूमचा तुमचा जुना पंखा माळ्यावर गुंडाळून ठेवलाय तो परत लावून देतो आणि आमचा घेऊन जातो. वॉटर प्युरिफायर आमचा आहे तो जाईल, खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या आम्ही बसवल्या होत्या त्या तशाच राहू देत, वारज्याच्या खिडक्यांना त्या बसणारही नाहीत.

रंगाचं मात्र स्पष्ट बोलतो. इकडे सोडताना एक महिन्याचं भाडं रंगाचे म्हणून कापायची पद्धत पडलीये, शेजारच्या विंगमध्ये गेल्या महिन्यात त्यावरून जोरदार भांडण झालं. आपल्या अॅग्रीमेंटमध्ये रंगाचं कलम नाही, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून नुकसान झालं तर भरपाई एवढंच आहे. बेडरूमच्या खिडकीवरच्या भिंतीचे पापुद्रे सुटलेत ती वरची गच्ची गळते म्हणून. 2024 च्या पावसाळ्यात मी तुम्हाला पहिला फोटो पाठवला होता, तेव्हा डाग ताटलीएवढा होता, आता पलंगाच्या डोक्यापर्यंत उतरलाय, हात लावला की चुन्याची भुकटी बोटाला येते आणि आम्ही पलंग हॉलच्या बाजूला सरकवून झोपतोय. सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा मीटिंगमध्ये घेतलं आणि दोनदा पुढे ढकललं, तुमचा त्यात दोष नाही, पण आमचाही नाही. तेव्हा रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत. आणि एक आगाऊ सल्ला, गच्चीचं काम होईपर्यंत ती भिंत रंगवूच नका, पैसे पाण्यात.

नवीन भाडेकरू बघायला तुम्ही लोकं पाठवणार हे उघड आहे, आणि दाखवायला आमची काही हरकत नाही. शनिवार-रविवारी सकाळी 10 ते 1 कधीही, फक्त आदल्या दिवशी मेसेज हवा. दुपारी बाबा झोपतात, तेव्हा बेल नको. आणि 27 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर आमच्याकडे गौरी-गणपती आहेत, त्या आठवड्यात कोणालाच नको, दर्शनाला तुम्ही दोघं या, एजंट नको. मागे एकदा घरात कोणी नसताना एका एजंटने वॉचमनकडून चावी मागितली होती, त्यामुळे वॉचमनला सांगून ठेवलंय की आमच्याशिवाय कोणाला वर सोडायचं नाही, तुमच्या नावाने कोणी आलं तरी आधी मला फोन.

सामान कधी हलणार तेही सांगून ठेवतो म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्हाला कळवता येईल. आईचं म्हणणं पितृपक्षात नव्या घरात जायचं नाही, आणि घट एकदा बसवले की हलवायचे नाहीत, म्हणून ती आणि बाबा 22 सप्टेंबरला पहाटेच तिकडे जाऊन घटस्थापना तिकडेच करणार. आम्ही बाकीचे इथे. टेम्पो शनिवारी 27 ला सकाळी येईल, रविवारी उरलंसुरलं, सोमवारी साफसफाई आणि खिळ्यांची भोकं, आणि मंगळवारी 30 ला चाव्या. मुख्य दाराच्या तीन, सेफ्टी डोअरच्या दोन, गच्चीची एक आणि लेटरबॉक्सची एक, अशा सात चाव्या आहेत, सातही मिळतील.

त्या दिवशी तुम्ही नाशिकहून स्वतः आलात तर उत्तम, जेवायलाच या. जमत नसेल तर पुतण्याला पाठवा, पण त्याच्याकडे तुमचं सहीचं पत्र असू दे की चाव्या आणि ताबा तो तुमच्या वतीने घेतोय. एका साध्या कागदावर चाव्या मिळाल्या, ताबा मिळाला, डिपॉझिट परत दिलं आणि मीटरचं रीडिंग एवढं, असं लिहून दोघं सह्या करू, एक प्रत तुमच्याकडे एक माझ्याकडे. अविश्वास म्हणून नाही, अॅग्रीमेंट रजिस्टर झालेलं आहे आणि ऑनलाइन ते 2026 च्या ऑक्टोबरपर्यंत चालूच दिसणार, मग मधेच संपलं याचा कागद दोघांकडे हवा. पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये आमचं नाव तुमच्या पत्त्यावर आहे, तिथेही आम्ही सोडल्याचं तुम्ही कळवून टाका.

हे पत्र आज व्हॉट्सअपवर आणि ईमेलवर पाठवतोय, सहीची प्रत उद्या रजिस्टर पोस्टाने नाशिकच्या पत्त्यावर निघेल. व्हॉट्सअपवर नुसता अंगठा दाखवू नका काका, "नोटीस मिळाली, शेवटचा दिवस 30 सप्टेंबर मान्य" एवढं टाईप करा म्हणजे माझ्या डोक्याला शांतता.

काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते कळवा. मेघा आणि आई-बाबांचा दोघांना नमस्कार.

तुमचा,
प्रसाद

ता. क. – नवीन येणाऱ्यांना मुख्य दाराच्या कडीचं नक्की सांगा, आधी वर उचलायची आणि मग सरकवायची, नुसती ओढली की अडकते. आम्ही पहिल्याच रात्री अर्धा तास आत अडकलो होतो. आणि बाल्कनीतला कृष्णकमळाचा वेल ग्रीलमध्ये इतका गुंतलाय की काढता येणार नाही, तो ठेवून जातोय, पाणी घालणारे भाडेकरू बघा.