बश्याचा बाप

केंता ओसाकाहून आला तो पुण्यात थोडंफार मराठी शिकून. सोलापूरच्या होस्टेलला त्याला सुऱ्या आणि बश्याच्या खोलीत जागा मिळाली, आणि पहिल्याच सकाळी कानावर आलं, "ऊठ बे मुडद्या! कॉलेज काय तुझ्या बापाचं हाय का?"

सुऱ्या बार्शीचा, बश्या अक्कलकोटचा. बश्याच्या बापाला मधे आणल्याशिवाय सुऱ्याचं वाक्यच पुरं होत नसे. पंखा चालू राहिला की, "बिल तुझा बाप भरतो का बे?" बश्याही त्याला भाड्या, हलकट म्हणायचा आणि घरून आलेली कडक भाकरी मोडून अर्धी शेंगाचटणीसकट त्याच्याच ताटात टाकायचा.

केंताशी मात्र दोघं अहो-जाहो करत. घरी वडिलांशी कधी चढ्या आवाजात न बोललेल्या त्या पोराला हे सगळं बघून झोप लागेना. एकदा त्यानं बश्याला जिन्यात एकटं गाठलं. "तुम्ही रेक्टर सरांना सांगा. मी साक्ष देईन."

"कुणाविरुद्ध?"

"सूर्यकांत. तो रोज तुमच्या वडिलांचा अपमान करतो."

बश्या बघतच राहिला. "अवो, दोस्त हाय ते माझं," एवढंच म्हणाला.

मार्च संपत आला होता. गरमीनं पोरं गच्चीवर गाद्या टाकून झोपायची. रात्री दीडला बश्याचा फोन वाजला. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं होतं, दवाखान्यात नेलं होतं.

बश्याला काही सुचेना. सुऱ्यानं त्याला हाताला धरून खोलीत आणलं. "शर्ट उलटा घातलास गाढवा. काढ." सरळ करून त्यानंच घातला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली. "चप्पल कुठंय येड्या? चार्जर घे." मग स्वतःच्या पाकिटातल्या सगळ्या नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. बश्या नको म्हणाला.

"गप बे! पैसे काय तुझ्या..."

सुऱ्या थांबला. आवंढा गिळला.

"ठेव. चल."

केंता दारात उभा होता. इतक्या दिवसांत सुऱ्यानं ते वाक्य अर्धवट सोडलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. खाली मोटरसायकल सुरू झाली आणि अक्कलकोट रोडच्या दिशेनं गेली.

सकाळपर्यंत कुणाचा निरोप नाही. साडेसातला न राहवून केंतानं फोन लावला. सुऱ्यानं उचलला, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो ओरडत होता, "ऊठ बे बश्या, सरक तिकडं! पाय पसरून झोपलाय भाड्या, खाट काय तुझ्या बापाची हाय का?"

मागून एक थकलेला आवाज आला, "माझीच हाय की रे. झोपू दे त्याला."

"हां, बोला केंतासाहेब," सुऱ्या म्हणाला.

केंताला काहीच विचारावं लागलं नाही. "मेसला सांगून दुपारचं जेवण ठेवू का, दोघांचं?"