विषय: ९ ते ११ मार्चच्या रजेबद्दल पुन्हा एकदा, शुक्रवारपर्यंत कळवाल का

नमस्कार सुर्वे साहेब,

शिमग्याच्या शुभेच्छा. काल धुळवड होती म्हणून थांबलो, सणाच्या दिवशी ऑफिसचं काय काढायचं, आज लिहितोय. मेल लांबलाय. वेळ नसेल तर एवढंच वाचा: सोमवार ९ ते बुधवार ११ मार्च अशी तीन दिवसांची रजा मी १६ फेब्रुवारीच्या अर्जात मागितलीय, ती मंजूर की नामंजूर ते अजून कळलेलं नाहीये, आणि येत्या शुक्रवारी म्हणजे ६ तारखेला चार वाजेपर्यंत कळलं तर शनिवारी चावी आणि पासिंगचा चार्ज नीट देऊन मला निघता येईल. बाकी खालचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

अर्ज कागदावरच दिलाय, मयेकर मॅडमनी शिफारस करून शाखेच्या टपालातून हेड ऑफिसला पाठवला आणि तिकडे आवक नोंद झाल्याचंही कळलं. मध्ये तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही वसुलीच्या मीटिंगला होतात, "बघतो" म्हणालात, आणि नंतर मीच परत विचारलं नाही कारण सगळ्या शाखांचं मार्चएंड तुमच्या डोक्यावर आहे हे मलापण दिसतंय. त्यामुळे अर्ज ढिगाऱ्यात खाली गेला असेल तर त्यात काही आश्चर्य नाही. सापडत नसेल तर सोबत त्याचा फोटो जोडलाय, त्याच्यावरच शेरा मारून पाठवलात तरी मला पुरेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो साहेब. उत्तर आलं नाही म्हणजे हो असं मी धरलेलं नाही. आपल्याकडे काही जण तसं धरतात, अर्ज टाकला, कोणी काही बोललं नाही, की चालले गावाला आणि मग शाखेत सकाळी तिजोरी उघडायला दुसरी चावीच नाही. मला तसं करायचं नाही. शुक्रवारपर्यंत काहीच आलं नाही तर मी सोमवारी नेहमीसारखा पावणेदहाला शाखेत असेन. पण मग गावाकडची सगळी व्यवस्था मला आयत्या वेळी मोडावी लागेल, म्हणून हा मेल.

शुक्रवारच का, तर चावी. तिजोरीची एक चावी मयेकर मॅडमकडे आणि दुसरी माझ्याकडे असते हे तुम्हाला सांगायला नको. माझी चावी प्राची मॅडमकडे द्यायची तर त्यांच्या नावाने हेड ऑफिसचं पत्र लागतं, मग चावी रजिस्टरला दोघांच्या सह्या, आणि शनिवारी बंद करताना कॅश मोजून सोनेतारणाची पाकिटं रजिस्टरशी जुळवून मगच चावी हातात. हे काम रविवारी होत नाही आणि सोमवारी सकाळी कस्टमर दारात उभा असताना तर अजिबातच होत नाही. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरमधलं पासिंग. प्राची मॅडमच्या आयडीला आत्ता फक्त एन्ट्री करता येते, पास करता येत नाही, तीन दिवसांसाठी तो अधिकार तुमच्याकडच्या कॉम्प्युटर विभागाला उघडून द्यावा लागेल. माझा पासवर्ड त्यांना देऊन जाणं सोपं आहे पण ते मी करणार नाही आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. प्राची मॅडमशी बोललोय, त्यांची तयारी आहे, गेल्या वर्षी मी आजारी असताना त्यांनी हे काम केलेलंही आहे.

कामाचं म्हणाल तर माझ्या टेबलावर काय आहे ते लिहितो. थकबाकीची फेब्रुवारीअखेरची यादी तयार आहे, उद्या टपालाने येईल. नोटिसा गेल्यात, त्यातल्या दोन पाकिटं पत्त्यावर कोणी नाही म्हणून परत आलीत, ती मॅडमना दाखवलीत. कलम १०१ ची जी दोन प्रकरणं आपण करायची म्हणत होतो त्यांचे खातेउतारे आणि जामीनदारांचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवलेत, वकिलांकडून कोणी आलं तर प्राची मॅडम देऊ शकतील. आंबेवाल्यांच्या खात्यांचं माझं मत तुम्हाला माहितीय, त्यांना आत्ता मार्चमध्ये कितीही फोन केले तरी वाशीला पेटी जाऊन पट्टी हातात आल्याशिवाय पैसे निघत नाहीत, उगाच दारात जाऊन संबंध बिघडतात, पण तरी ज्यांची पहिली तोड लवकर होते त्यांची नावं वेगळी काढलीत, त्यांच्याकडे मी १२ तारखेनंतर स्वतः जाईन. बोटवाल्या दोघांचे हप्ते आलेत.

९, १० आणि ११ ला मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढून ठेवलीय. त्यातल्या बहुतेक नूतनीकरणाच्या आहेत, एक मोठी आहे ती मुलीच्या लग्नासाठी मोडणार आहेत, त्यांना रोख नको चेक हवाय, तसं मॅडमना सांगितलंय. सोनेतारणाचे सराफ मंगळवारी येतात तेव्हा मूल्यांकनाला प्राची मॅडम बसतील. पिग्मी एजंटांचं कमिशन शनिवारीच काढून ठेवतो म्हणजे सोमवारी कोणी येऊन त्यांच्या डोक्याशी बसायला नको. व्याजाच्या तरतुदीचं काम २० नंतरच सुरू होतं, त्याला माझ्या रजेचा काही धक्का नाही. आणि १२ तारखेपासून ३१ पर्यंत मी रजा मागणार नाही, रविवारी बसायला लागलं तरी बसेन.

आता रजा कशाला ते. अर्जात मी नुसतं "घरगुती धार्मिक कार्य" असं लिहिलं होतं, अर्जात कोणी शिमग्याचं पुराण लिहीत नाही. पण तुम्ही आपल्याच बाजूचे, तुम्हाला सांगायला हरकत नाही. आमच्या गावची पालखी होळीनंतर घरोघर फिरते आणि पाडव्याच्या आत सहाणेवरून परत देवळात जाते, यंदा पाडवा १९ ला. कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी हे गावकी आणि गुरव बसून ठरवतात, आणि आमच्या वाडीचा दिवस मंगळवार १० मार्च ठरलाय. एरवी पालखी आमच्याकडे येते, ओटी भरतात, गाऱ्हाणं घालतात आणि तासाभरात पुढच्या घरी जाते, त्याला मी कधी रजा मागितली नाही, सकाळी जाऊन रात्री परत आलोय. यंदा पाळीप्रमाणे वस्ती आमच्या घरी आहे. म्हणजे पालखी रात्री आमच्या अंगणात, पाठोपाठ अख्खी वाडी, नमन-खेळे रात्रभर, आणि सगळ्यांचं जेवण. दुसऱ्या दिवशी पालखी उठली की भांडी, मंडप, सगळं आवरायचं. आत्तापर्यंत हे अण्णा बघायचे, यंदा त्यांच्या गुडघ्याने उचल खाल्लीय, पालखीला खांदा देणं सोडाच, अंगणातून माडीवर चढताना धरायला लागतं. दादा मुंबईहून येणार आहे पण तो मंगळवारी सकाळी पोचणार, तेव्हा सोमवारचा बाजार, मंडप आणि आचाऱ्याचं मलाच बघायचंय.

तीन दिवस जास्त वाटत असतील तर त्यात काय कमी करता येईल ते मीच सांगतो म्हणजे तुम्हाला वेगळा विचार करायला नको. सोमवार सोडता येईल. सोमवारी शाखेत पूर्ण वेळ बसून दिवसअखेर करून, चावी तेव्हाच देऊन, शेवटच्या फेरीबोटीने जयगडवरून तवसाळला उतरतो, सामानाचं चुलतभावाला सांगतो, तो करेल, कुरकुर करेल पण करेल. मग रजा फक्त मंगळवार-बुधवार. त्या परिस्थितीत चार्जची तयारी सोमवारी होईल, पण पत्र आणि पासिंगचा अधिकार तेवढा शनिवारपर्यंत लागेलच. बुधवार मात्र सोडायला सांगू नका, रात्रभर जागून सकाळी पालखी उठवून मग येऊन कॅशला बसलो तर ती कॅश टॅली होईल याची खात्री मी देत नाही.

आणि अजिबातच जमत नसेल, ऑडिटर त्याच आठवड्यात येणार असतील किंवा दुसरं काही तुमच्या डोक्यात असेल जे आम्हाला शाखेत दिसत नाही, तर नाही म्हणून सांगा साहेब, मी वाईट वाटून घेणार नाही. मग मंगळवारची एक दिवसाची किरकोळ रजा तरी द्या. वस्तीची पाळी वाडीतल्या दुसऱ्या घराशी बदलता येते का ते अण्णांना गावकीत विचारता येईल, पण ते त्यांना आयत्या सोमवारी विचारता येणार नाही, त्या घरालाही तयारीला दिवस लागतात. म्हणून नकारसुद्धा शुक्रवारीच कळला तर माझं काम होईल.

गावात घरात रेंज नाहीये, सड्यावर गेलं की येते. त्यामुळे मंगळवारी दुपारी एकदा आणि बुधवारी सकाळी एकदा मी वर जाऊन शाखेला फोन करेन, अडलेलं काही असेल तर तेव्हा सांगता येईल. मयेकर मॅडमकडे आमच्या शेजारच्या दुकानाचा नंबर देऊन ठेवलाय, फार तातडीचं असेल तर तिथे निरोप ठेवला की पोचतो.

उद्या गुरुवारी तुम्ही हेड ऑफिसला आहात असं कळलं. बारा ते साडेबाराच्या दरम्यान फोन करू का? दोन मिनिटांचं काम आहे. फोनला वेळ नसेल तर या मेलवर "तीन दिवस", "दोन दिवस", "एक दिवस" किंवा "नाही" एवढं एकच उत्तर टाकलंत तरी चालेल, पुढचं पत्र टाइप करून सहीला पाठवायचं काम मी आणि मॅडम करतो.

आपला,
नीलेश
लेखापाल, रत्नागिरी शाखा

ता. क. मयेकर मॅडमना या मेलची प्रत ठेवलीय. प्राची मॅडमच्या नावाच्या चावीच्या पत्राचा मसुदा आणि पासिंग अधिकाराचा विनंती अर्ज दोन्ही तारखा टाकून सोबत जोडलेत, मंजुरी दोन दिवसांची असेल तर त्यातला ९ चा १० करायचा तेवढा.