खिचडीची रांग आणि गोदामातली उचल
उपयोजित नीतिशास्त्र, घटक: संपत्ती, दारिद्र्य आणि दान. वर्गचर्चेसाठी प्रकरण

प्रकरण कल्पित आहे, पण नागपुरात राहणाऱ्याला त्यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही.

इतवारीत तीन पिढ्यांपासून धान्याचं दुकान असलेलं एक कुटुंब आहे. गोदाम कळमन्याला. घरातल्या आजींच्या नावे छोटा ट्रस्ट आहे आणि दर गुरुवारी मेडिकल या सरकारी रुग्णालयाच्या गेटबाहेर त्यांच्या गाडीवरून चारेकशे लोकांना खिचडी वाटली जाते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक व्हरांड्यात नाहीतर झाडाखाली दिवस काढतात. त्यांच्यासाठी ती गरम खिचडी म्हणजे त्या दिवसाचं एकमेव पोटभर जेवण असतं. हे आधी नीट लक्षात घ्या. या प्रकरणात खिचडीची टिंगल करायची नाही.

गाडीवर बॅनर असतो, त्यावर ट्रस्टचं नाव आणि शेठजींचा फोटो. वाटप संपलं की पुतण्या मोबाइलवर फोटो टाकतो. ते पाहून ओळखीतले लोक तांदूळ, डाळ, तेल पाठवतात, आणि निम्म्याहून अधिक शिधा असाच जमतो.

गोदामात अकरा वर्षांपासून काम करणारा एक हमाल आहे, मूळ तुमसरकडचा. माथाडी मंडळाकडे त्याची नोंद नाही. पोत्यावर मजुरी मिळते, आला नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. बायकोच्या किडनीच्या आजारासाठी त्याने शेठजींकडून तीस हजारांची उचल घेतली. व्याज नाही, पण दर आठवड्याच्या हिशेबातून सातशे रुपये कापले जातात. बायको मेडिकलला भरती झाल्यावर त्याचे खाडे वाढले, हातात येणारी रक्कम घटली, कापणी मात्र सातशेचीच राहिली.

एका गुरुवारी तो खिचडीच्या रांगेत उभा होता. गाडी कोणाची हे त्याला माहीत होतं. भूक लागली होती, म्हणून उभा राहिला. पुतण्या त्याला ओळखत नव्हता. द्रोण पुढे केलेला त्याचा फोटो संध्याकाळी स्टेटसवर आला आणि गोदामातल्या सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. मुकादमाजवळ निरोप आला, "पैसे फेडतो म्हणा मी. फोटो तेवढा काढून टाकाले सांगा."

शेठजींना खरोखर वाईट वाटलं. "मला एक शब्द बोलला असता तर घरून डबा पाठवला असता," ते म्हणाले. सून म्हणाली, "बाबा, बोलला होता की. म्हणूनच तर उचल घेतली त्याने."

दिवाळीआधी ट्रस्टची बैठक आहे. खात्यात अडीच लाख शिल्लक आहेत. पुतण्याला दुसरी गाडी घेऊन मेयो रुग्णालयासमोरही वाटप सुरू करायचं आहे. सुनेचं म्हणणं, गाडी पुढच्या वर्षी घेऊ, आधी गोदामातल्या माणसांचं पाहू. शेठजी म्हणतात, ट्रस्टचा पैसा दानाचा आहे, गोदाम हा धंदा आहे, दोन्ही वह्या वेगळ्या.

या बैठकीत शास्त्रवचनं निघतात, कारण या घरात ती रोजच्या बोलण्यात आहेत. शेठजी तुकोबांचा आधार घेतात. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी.' धन जोडणं पाप नाही, हे त्यांना त्यात दिसतं आणि ते बरोबरच आहे. पण ओळ 'उत्तम वेव्हारें' या अटीवर उभी आहे. खर्चाची गोष्ट त्यानंतर येते. हेच तुकोबा सावकारी घरातले होते आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, ही बारीक गोष्टही विसरू नका, कारण ट्रस्टच्या पैशात देणगीदारांचाही वाटा आहे.

सून गीतेचा सतरावा अध्याय उघडते. परतफेड करू न शकणाऱ्याला, द्यायलाच हवं म्हणून, योग्य स्थळी-काळी दिलेलं ते सात्त्विक. फळावर नजर ठेवून, जिवावर येऊन दिलेलं राजस. आणि अवमान करून दिलेलं तामस. इथे अवमान करायचा हेतू कोणाचाच नव्हता, तरी तो झाला. तर मग ते दान कुठल्या खान्यात बसवायचं? मला हा या प्रकरणातला सर्वांत कठीण प्रश्न वाटतो.

मुकादम मोमिनपुऱ्याचा. तो बैठकीत बसत नाही, पण शेठजींनी विचारलं तेव्हा त्याने हदीस सांगितली की मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या. कुराणात याहून थेट आधार आहे. कर्जदार अडचणीत असेल तर सवड येईपर्यंत मुदत द्या, आणि माफच केलंत तर ते अधिक भलं (२:२८०). दान उघड दिलं तरी चांगलं, गुपचूप गरिबाला दिलं तर अधिक चांगलं, असंही तिथेच आहे (२:२७१). म्हणजे पुतण्याची बाजू अगदीच पोकळ नाही. येशूनेही डाव्या हाताला कळू देऊ नका म्हणताना, त्याच प्रवचनात, तुमची सत्कृत्यं लोकांना दिसोत असं म्हटलं आहे.

हिशेबनीस इंदोऱ्यात राहतात, विहारात नियमित जातात. त्यांनी सिगालोवाद सुत्त काढलं. मालकाने कामगाराशी कसं वागावं, याच्या पाच गोष्टी बुद्धाने तिथे सांगितल्या आहेत: झेपेल तेवढं काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. यात दान हा शब्द कुठेच नाही, ही मालकाची कर्तव्यं आहेत. कूटदन्त सुत्तात तर राजाला सल्ला मिळतो की यज्ञाआधी शेतकऱ्याला बी-बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला पगार दे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंनी जो धम्म स्वीकारला, त्यात दारिद्र्याला कोणी पूर्वजन्मीचं फळ म्हणून सोडून देत नाही.

बायबलमधल्या लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता ठेवायला सांगितलं आहे आणि तीनच वचनांनंतर मजुराची मजुरी रात्रभर अडवू नको असं येतं. मजुरी अडवून ठेवायची आणि कडा सोडायच्या, अशी मुभा त्यात नाही. ऋग्वेदातलं 'केवलाघो भवति केवलादी', म्हणजे एकटाच खाणारा केवळ पापाचा धनी होतो, आणि शिखांचं किरत करो, वंड छको, म्हणजे कष्टाने कमवा, वाटून खा, हेही या संदर्भात वाचा. ताटात वाटा देण्याआधी कमाई कशी झाली, याकडे दोन्हीपैकी एक लक्ष देतं. कोणतं ते तुम्हीच शोधा.

माझं मत लपवत नाही. माझ्या वाचनात या ग्रंथांमध्ये आपण जे देणं लागतो ते आधी येतं, दान नंतर. पण त्यांच्या मर्यादाही मांडा. दानाला 'पात्र' कोण हे आपल्या परंपरेत शतकानुशतकं जन्मावरून ठरलं. आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने जे हक्क म्हणून दिलं, ते शेठजींच्या दयेवर का अवलंबून राहावं, याचं उत्तर नुसत्या वचनांतून मिळणार नाही.

तुम्ही ट्रस्टचे चौथे विश्वस्त आहात असं समजून बैठकीचा ठराव लिहा. अडीच लाखांचं काय, उचलीचं काय, बॅनर आणि फोटोंचं काय, नोंदणीचं काय, हे रकमेसह लिहा. उचल कोणत्या वहीतून सोडायची, ट्रस्टच्या की दुकानाच्या, याचं कारण द्या. दुसरी गाडी आली नाही तर मेयोसमोर जी माणसं उपाशी राहतील, त्यांना तुम्ही काय सांगाल तेही लिहा. किमान दोन परंपरांचे आधार घ्या, त्यातला एक तुमच्या घरात न वाचला जाणारा असावा. शेवटी हमालाला पाठवायचा निरोप लिहा, चार ओळींचा, मुकादम तोंडी सांगू शकेल अशा भाषेत.