दोरी आणि वजनाच्या साहाय्याने विहिरींच्या पाणीपातळीचे मापन : एका पावसाळ्याचा अभ्यास
(इयत्ता नववी, भूगोल प्रकल्प अहवाल, 2023-24)

प्रस्तावना

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीच्या खोऱ्यात आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस बेताचा पडतो आणि अंजीर, सीताफळ व वाटाण्याची शेती बहुतांशी विहिरींवर अवलंबून असते. पाऊस झाला की विहिरींना पाणी येते हे आम्हाला लहानपणापासून माहीत होते; परंतु ते किती दिवसांनी येते, किती येते आणि एकाच गावातील सर्व विहिरींना सारखेच येते का, याची मोजलेली उत्तरे आमच्याकडे नव्हती. ती मिळवण्यासाठी आम्ही चार विद्यार्थ्यांनी 4 जून ते 15 ऑक्टोबर 2023 या काळात दर रविवारी तीन विहिरींची पाणीपातळी मोजली. वीस रविवारांपैकी एकही चुकला नाही.

निवडलेल्या विहिरी

पहिली विहीर माळावर आहे. तेथे मातीचा थर जेमतेम हातभर असून त्याखाली थोडा मुरूम आणि लगेच काळा पाषाण लागतो. दुसरी विहीर उताराच्या मध्यावर आहे व तिच्या भिंतीत मुरमाचा जाड थर स्पष्ट दिसतो. तिसरी विहीर ओढ्याच्या काठी, सिमेंट बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस आहे. आपल्याकडील बेसॉल्ट खडक मुळात घट्ट असतो. पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात, खडकातील भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सांध्यात. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे झरेही वेगवेगळे असू शकतात, आणि म्हणूनच तीन निरनिराळ्या जागा घेतल्या.

साधने व पद्धत

वजन म्हणून लोखंडी नळीचा सुमारे अर्धा किलोचा तुकडा घेतला. त्याचे वरचे तोंड गावातील वेल्डरकाकांनी बंद करून कडी बसवून दिली आणि खालचे उघडे ठेवले. पोकळ तोंड पाण्याला टेकले की ‘डुबुक्’ असा आवाज स्पष्ट येतो. अंधाऱ्या, खोल विहिरीत डोळ्यांपेक्षा या आवाजावरच अधिक भरवसा ठेवता येतो. दोरीवर दर मीटरला लाल व अर्ध्या मीटरला पांढरा दोरा शिवला. ही सर्व अंतरे वजनाच्या खालच्या कडेपासून मोजली. खुणेच्या पुढचे सेंटिमीटर पट्टीने मोजले. आवाज आल्यावर वजन हातभर वर घेऊन पुन्हा हळूच टेकवले जाई. अशी तीन मापे घेऊन त्यांची सरासरी नोंदवली.

प्रत्येक विहिरीवर एकच जागा ठरवून ऑइलपेंटने खूण केली आणि सर्व मापे तिथूनच घेतली. दुसऱ्या विहिरीचा कठडा 0.75 मीटर व तिसरीचा 0.60 मीटर उंच असल्याने तेवढी उंची प्रत्येक मापातून वजा केली. पहिल्या विहिरीला कठडाच नाही. तेथे जुन्या मोटेच्या धावेपाशी जमिनीलगत असलेल्या घडीव दगडावर खूण केली. त्या विहिरीवर दोरी सोडण्याचे काम नेहमी विहिरीच्या मालकांनीच केले आणि आम्ही मागे उभे राहून खुणा वाचल्या व नोंदी केल्या.

पाऊस मोजण्यासाठी शाळेच्या मोकळ्या पटांगणात सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला. साठलेल्या पाण्याची उंची रोज सकाळी साडेआठ वाजता मिलिमीटरमध्ये नोंदवली.

दोरीमुळे झालेली चूक

सुरुवातीला आम्ही सुती दोरी वापरली. 4 जूनला विहिरींचा तळ मोजताना ती पूर्ण भिजली होती. 11 जूनला ती टेपशेजारी ताणून धरली, तेव्हा दहा मीटरची खूण 9.75 मीटरवर आली. पीळ दिलेली सुती दोरी भिजल्यावर आखडते; खुणा एकमेकींजवळ येतात आणि पाणी आहे त्यापेक्षा खोल भासते. सुमारे पाव मीटरची ही चूक लहान नव्हती, कारण माळावरच्या विहिरीतील संपूर्ण पावसाळ्याची वाढच एक मीटरच्या आसपास भरली. त्या दिवशी सुती दोरी आणि नवी नायलॉनची दोरी अशा दोन्हींनी तिन्ही विहिरी मोजल्या व प्रत्येक ठिकाणी आलेला फरक 4 जूनच्या नोंदीतून वजा केला. त्यामुळे तक्त्यातील पहिली ओळ इतरांपेक्षा थोडी कमी अचूक आहे. पुढे नायलॉनची दोरीही दर महिन्याला वजनासह टेपशी ताडून पाहिली.

निरीक्षणे

खालील तक्त्यात दर चार आठवड्यांच्या व शेवटच्या नोंदी दिल्या आहेत. पातळी जमिनीपासून खाली मीटरमध्ये असल्याने आकडा कमी होणे म्हणजे पाणी वर येणे होय. पाऊस आधीच्या नोंदीपासूनचा आहे.

| दिनांक | पाऊस (मिमी) | माळ | उतार | ओढा |
|---|---|---|---|---|
| 4 जून | – | 11.40 | 9.10 | 7.85 |
| 2 जुलै | 38 | 11.65 | 9.35 | 7.95 |
| 30 जुलै | 112 | 10.90 | 8.20 | 5.30 |
| 27 ऑगस्ट | 14 | 11.20 | 8.75 | 6.40 |
| 24 सप्टेंबर | 121 | 10.55 | 7.70 | 4.10 |
| 15 ऑक्टोबर | 23 | 10.30 | 7.60 | 4.45 |

विवेचन

मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांत 38 मिलिमीटर पाऊस होऊनही तिन्ही विहिरींचे पाणी खालीच गेले. उन्हाळ्यात तापलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवते. मातीतील ओल भरेपर्यंत खाली झिरपायला पाणी उरत नाही, आणि उपसा तर चालूच असतो. जुलैत ओढा वाहू लागला व बंधाऱ्यामागे पाणी अडले, त्यानंतर आठच दिवसांत ओढ्याकाठची विहीर चढू लागली. उतारावरच्या विहिरीला सुमारे पंधरा दिवस लागले. माळावरची विहीर मात्र सप्टेंबरच्या पावसानंतर पाऊस थांबल्यावरही हळूहळू वर येत राहिली, तर त्याच काळात ओढ्याकाठची उतरू लागली होती. लवकर भरणारी विहीर लवकर उतरते, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या डब्यात चार आठवड्यांत 14 मिलिमीटर पाणी जमले आणि बाजरी वाचवण्यासाठी सर्वांनी मोटारी लावल्या. शेतीची थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री असे. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत उपसा चालल्यामुळे सकाळी साडेसहाचे माप खोल येई. पहिल्या महिन्यातील काही चढउतार पावसाचे नसून विजेच्या वेळापत्रकाचे होते, हे उशिरा लक्षात आले. त्यानंतर आम्ही मोटार बंद झाल्याची वेळ विचारून लिहू लागलो आणि निदान चार तास विश्रांती मिळालेल्या विहिरीचेच माप घेतले.

ओढ्याकाठच्या विहिरीचा व्यास 7 मीटर आहे. तिची पातळी 3.40 मीटर वाढली, म्हणजे विहिरीतील साठा सुमारे 1 लाख 31 हजार लिटरने वाढला. भोवतालच्या खडकातील साठा निराळा मोजावा लागतो. झिजलेल्या बेसॉल्टमधून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. उतारावरील 1.50 मीटर वाढीला हा हिशोब लावला, तर जमिनीत 30 मिलिमीटर पाणी साठले. म्हणजे एकूण 308 मिलिमीटर पावसाच्या सुमारे दहावा भाग. दरम्यान उपसलेले पाणी यात धरलेले नाही, त्यामुळे प्रत्यक्ष मुरलेले पाणी याहून अधिक असणार.

31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत पुरंदर तालुका आहे. माळावरच्या विहिरीत त्या वेळी पावसाळ्याची भर म्हणून जेमतेम 1.10 मीटर पाणी होते. ते किती दिवस पुरते हे पाहण्यासाठी त्या विहिरीची मापे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मे 2024 अखेरपर्यंत घेण्याचे ठरले असून, दोरी, वजन आणि नोंदवही शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवली आहे.